स्लाइड नंबर चार

'कॅरोसेल' हा शब्द मी पहिल्यांदा केजीत असताना ऐकला. आमच्या कॉन्व्हेंटच्या पुस्तकात गोल गोल फिरणाऱ्या लाकडी घोड्यांचं चित्र होतं आणि त्याखाली तो शब्द होता. आपल्याकडे एकवीरा देवीच्या यात्रेत मुलं ज्यात बसून ओरडतात, तो पाळणा. पुढे थर्ड इयरला येऊन मला स्वतःला दर महिन्याच्या ५ तारखेला 'कॅरोसेल' बनवावा लागेल, असं तेव्हा कोणी सांगितलं असतं तर मला घोडेच आठवले असते.

आता कॅरोसेल म्हणजे मोबाइलवर बोटाने एकामागून एक सरकवायच्या स्लाइड्स. आमच्यात आणि यात्रेतल्या पाळण्यात एक साम्य मात्र होतं. सुरुवातीचे दोन महिने आम्हीही गोल गोलच फिरत होतो आणि वरून खाली पाहून हात हलवत होतो!

तर मित्रांनो, गोष्ट अशी. (माझं मराठी लिहिणं दहावीनंतर सुटलंय. काना-मात्रा चुकला तर समजून घ्या.)

आम्ही चौघं. मी ईएनटीसीची, एक मेकॅनिकलचा, एक कॉम्प्युटरची आणि चौथा आमच्या कॉलेजचा नाहीच, कृषी महाविद्यालयात शिकणारा माझा मावसभाऊ. साक्री आणि पिंपळनेरकडे उन्हाळ कांदा भरपूर होतो. एप्रिल-मेमध्ये काढलेला हा कांदा शेतकरी चाळीत भरतो आणि भाव येईल तेव्हा, म्हणजे दिवाळीच्या आसपासपर्यंत, थोडा थोडा विकतो. या चार-पाच महिन्यांत काही कांदा वाळून वजनाला कमी होतो, काहीला कोंब येतात आणि काही सडतो. वाळणं आणि कोंब येणं हळूहळू होतं, ते दिसतंही. सडणं मात्र ढिगाच्या आतून सुरू होतं आणि शेजारच्याला लावत जातं. वास बाहेर येईपर्यंत बराच माल गेलेला असतो.

आमचा डबा म्हणजे चाळीत टांगायची प्लास्टिकची पेटी. आत तापमान आणि दमटपणा मोजणारा सेन्सर, एक बोर्ड आणि सिमकार्ड. हवा जास्त वेळ दमट राहिली की शेतकऱ्याच्या मोबाइलवर मेसेज जातो. त्याने जाऊन बघायचं, बाजूची ताडपत्री उघडायची, सडका माल निवडून काढायचा. हे काही आम्हीच शोधलेलं नाही. लासलगावच्या कल्याणी शिंदे यांनी 'गोदाम इनोव्हेशन्स'मधून कांदाचाळीत सेन्सर लावण्याचं काम आमच्या कितीतरी आधी सुरू केलं. आमचं म्हणणं एवढंच होतं की धुळ्याच्या लहान शेतकऱ्याला परवडेल असा साधा डबा महिना २५० रुपये भाड्याने द्यावा.

पैसे कुठून आले? मामा, काका, शेजारचे बँकवाले काका, शाळेतल्या एक टीचर, कॉलेजचे काही माजी विद्यार्थी आणि दोन शेतकरी. अकरा जणांनी मिळून १ लाख १० हजार दिले. कोणाला शेअर वगैरे दिलेले नाहीत, कारण आमची कंपनीच रजिस्टर झालेली नाही. विश्वासावर दिलेले पैसे. खानदेशात हे नवीन नाही म्हणा! जळगावच्या भवरलालजी जैनांनी १९६३ मध्ये घरच्या शिलकीतल्या ७ हजार रुपयांवर रॉकेल विकायला सुरुवात केली होती. फरक इतकाच, की घरच्यांना हिशोब जेवताना देता येतो आणि अकरा ठिकाणी विखुरलेल्या लोकांना तो लिहून द्यावा लागतो. शिवाय पैसे न देता नुसती मदत करणारे बारा जण होते. असे एकूण तेवीस लोक आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. मावसभाऊ म्हणाला, "दर महिन्याला यांना प्रोग्रेस दाखवायला पाहिजे." आणि ते काम माझ्याकडे आलं, कारण माझं 'डिझाइन चांगलं' आहे.

पहिला कॅरोसेल ५ जूनला गेला. काय सुंदर होता! हिरवा बॅकग्राउंड, कोपऱ्यात कांद्याचं चित्र. 'एकूण १८ डबे बसवले! ३ गावं! २,६०० मेसेज!' ग्रुपवर फुलांचा पाऊस पडला. टीचरनी 'सो प्राउड ऑफ यू माय चाइल्ड' लिहिलं. ५ जुलैला दुसरा. 'एकूण २४ डबे!' आकडा वाढला होता, बाणही वर जाणारा काढला होता. शेवटच्या स्लाइडवर नेहमीसारखं 'आम्हाला साथ द्या, ओळखी द्या, शेअर करा.' पुन्हा फुलं, पुन्हा अंगठे.

त्याच संध्याकाळी साक्री तालुक्यातल्या आबांचा फोन आला. आबा आमचे पैसे देणारेही आहेत आणि त्यांच्या चाळीत आमचा डबाही आहे. वय सत्तरच्या पुढे. कॅरोसेल त्यांच्या नातवाने त्यांना दाखवला होता.

"पोरी, हाई ते ठीक शे," आबा म्हणाले, "पण आज कितला डबा चालू शेतस?"

मी म्हटलं, "आबा, चोवीस."

"मना डबा ते नऊ दिन व्हयनात बंद शे."

मला काय बोलावं सुचेना. खरंच सांगते, त्या क्षणी मला डब्याचं नाही, कॅरोसेलचं वाईट वाटलं. इतका छान झाला होता! आज हे लिहिताना लाज वाटते.

रात्री आम्ही सर्व्हर उघडून बसलो. प्रश्न साधाच होता. गेल्या २४ तासांत किती डब्यांनी निदान एक तरी रीडिंग पाठवलंय? उत्तर आलं, १३. चोवीसपैकी तेरा. म्हणजे आम्ही सकाळी तेवीस लोकांना जो आकडा दाखवला, त्यातला जवळजवळ निम्मा भाग भिंतीवर नुसता लटकत होता.

दुसऱ्या दिवशी लेक्चर बुडवून साक्री रोडने निघालो. दोन दिवसांत अकराही चाळी पाहिल्या. पाच डबे बंद होते कारण चार्जरच काढलेला होता. चाळीत एकच प्लग, आणि त्यावर कोणाचा मोबाइल, कोणाचा फवारणी पंप चार्जिंगला. दोन डब्यांच्या सिमचा रिचार्ज संपला होता. आणि चार डब्यांचे सेन्सर पावसाळी ओलाव्याने गेले होते. हे शेवटचं कसं ओळखायचं ते सांगते, कोणाच्या प्रोजेक्टला उपयोग होईल. दमटपणाचा आलेख दिवसभरात हलला पाहिजे. पहाटे तो वर असतो, दुपारी ऊन पडलं की खाली येतो, पावसाळ्यातसुद्धा थोडा तरी हलतोच. आमच्या चार डब्यांचा आलेख रात्रंदिवस ९९.९ वर सरळ रेषेत होता. हवा अशी कधीच नसते. सरळ रेषा म्हणजे सेन्सरच्या आत पाणी धरलंय. आबांच्या डब्याने असं दोन दिवस केलं होतं आणि मग बोर्डच बंद पडला होता.

आबांच्या चाळीत गेलो तर ते निवड करत बसले होते. एका कप्प्यातला सहा क्विंटल कांदा त्यांनी बाहेर फेकला होता. वास गावाच्या रस्त्यापर्यंत येत होता. मेकॅनिकलवाला म्हणाला, "आबा, तुम्ही रोज चाळीत जात नव्हता का?" आबांनी मान वर न करता सांगितलं की पूर्वी रोज जायचे. डबा आल्यापासून मेसेज आला तरच जात. नऊ दिवस मेसेज आला नाही, म्हणजे सगळं बरं आहे असं त्यांनी धरलं.

हे ऐकलं आणि आमच्या डब्याची खरी चूक कळली. डबा बंद पडला तरी मेसेज येत नाही आणि हवा चांगली असली तरी मेसेज येत नाही. शेतकऱ्याला दोन्ही सारखंच दिसतं. डबा नव्हता तेव्हा आबांचे डोळे आणि नाक होतं. आम्ही ते काढून घेतलं आणि त्या जागी बंद पडलेली पेटी टांगली.

परतीच्या बसमध्ये आमचं कडाक्याचं भांडण झालं. प्रश्न होता, ग्रुपवर सांगायचं का? मेकॅनिकलवाला म्हणाला, "आधी दुरुस्त करू, पुढच्या महिन्यात सांगू. आत्ता सांगितलं तर लोक पैसे परत मागतील." कॉम्प्युटरवाली म्हणाली, "पण मग पाच तारखेचा २४ आकडा खोटाच राहील ना महिनाभर!" मी मधला रस्ता काढला. कॉन्व्हेंटमध्ये शिकल्याचा फायदा, गुळगुळीत वाक्यं लगेच सुचतात. मी मोबाइलवर लिहिलं : 'पावसाळी हवामानामुळे काही डब्यांच्या सेवेत तात्पुरता तांत्रिक व्यत्यय आला असून त्यावर काम सुरू आहे.'

मावसभावाने वाचलं आणि विचारलं, "यातून आबांचा कांदा कुठे दिसतो?"

माझ्या वाक्यात काहीही खोटं नव्हतं. पण किती डबे, किती दिवस, कोणाचं नुकसान, चूक कोणाची, यातलं एकही त्यात नव्हतं. चूक हवामानाची होती म्हणे! कांदा चाळीत भरतात तो पावसाळ्यात टिकावा म्हणूनच. पावसाळ्यात बंद पडणारा डबा म्हणजे पावसात न चालणारी छत्री.

पुढे वाचनालयात मला एक गोष्ट सापडली. वॉरन बफेट आपल्या बर्कशायर कंपनीच्या भागधारकांना दर वर्षी पत्र लिहायचे. १९८९ सालच्या पत्रात त्यांनी पहिल्या पंचवीस वर्षांतल्या चुकांवर एक वेगळा भागच लिहिला. त्यातली पहिली चूक कोणती? बर्कशायर विकत घेणं हीच! ती तेव्हा कापडगिरणी होती, स्वस्तात मिळते म्हणून घेतली आणि धंद्यात दम नव्हता. ज्यांनी पैसे लावलेत त्यांनाच, स्वतःच्या सहीने, कंपनी घेणंच चुकलं असं सांगायचं! आपल्या धुळ्यात न्यू प्रताप मिलच्या आठवणी सांगणारे आजोबा अजून भेटतात, त्यामुळे मला ही गोष्ट फार परकी वाटली नाही.

असो. ८ जुलैला आम्ही एकच स्लाइड पाठवली. चित्र नाही, बाण नाही. मजकूर असा होता :

'दुरुस्ती. ५ तारखेला आम्ही २४ डबे लिहिले. ते बसवलेले होते. त्या दिवशी चालू फक्त १३ होते. ५ चार्जर काढल्यामुळे, ४ सेन्सर ओलाव्याने आणि २ रिचार्ज संपल्याने बंद होते. काही डबे नऊ दिवस बंद असून आम्हाला कळलं नाही, कारण आम्ही बघत नव्हतो. एका शेतकऱ्याचा ६ क्विंटल कांदा यात गेला. १५ जुलैपर्यंत : डबा ६ तास गप्प राहिला तर आम्हाला आणि शेतकऱ्याला मेसेज जाईल. ३१ जुलैपर्यंत : चारही सेन्सर बदलू.'

आबांना आधी विचारलं होतं. ते म्हणाले, "लिखा. पन मन्हं नाव नको."

या वेळी फुलं आली नाहीत. दोन तास ग्रुप शांत. मग बँकवाल्या काकांचा मला वेगळा मेसेज आला, "बेटा, माझे पाच हजार परत देशील का? घरात अडचण आहे." अडचण खरी होती की नाही ते मी विचारलं नाही. दुसऱ्याच दिवशी परत दिले. मेकॅनिकलवाला माझ्याकडे 'बघ, मी सांगितलं होतं' अशा नजरेने बघत राहिला. आणि त्याचं म्हणणं चूक होतं असंही मी म्हणणार नाही. खरं सांगण्याची किंमत आम्हाला पाच हजार पडली.

पण त्या रात्री आणखी तीन जणांचे फोन आले, आणि तिघांनीही आयुष्यात पहिल्यांदा आमच्या डब्याबद्दल प्रश्न विचारले. त्याआधी कोणी विचारतच नव्हतं. बरोबर आहे, विचारणार कशावर? 'एकूण २४' या आकड्यावर 'वा' म्हणण्याशिवाय करण्यासारखं काही नव्हतंच.

तेव्हापासून आमचा कॅरोसेल सात स्लाइडचा ठरला. पहिली, महिना एका वाक्यात. दुसरी, डबे. तिसरी, इशारे. चौथी, काय चुकलं. पाचवी, पैसे. सहावी, मदत काय हवी. सातवी, मागच्या महिन्यात मागितलं होतं त्याचं काय झालं. चौथ्या स्लाइडचा नियम असा की ती कधीही गाळायची नाही आणि ती सगळ्यात आधी लिहायची. आधी चांगल्या स्लाइड्स लिहिल्या की चौथीपर्यंत येताना हात आपोआप गुळगुळीत लिहायला लागतो, हा माझा स्वतःचा अनुभव.

आता आकड्यांबद्दल. 'एकूण बसवलेले' हा आकडा कधीच खाली येऊ शकत नाही. जो आकडा खाली येऊच शकत नाही, तो वर गेला याचा आनंद कसला? म्हणून दुसऱ्या स्लाइडवर आता असं असतं : 'महिन्याच्या १ तारखेला सकाळी ७ वाजता, गेल्या २४ तासांत रीडिंग दिलेले डबे / एकूण डबे.' वेळ आणि दिवस ठरवून टाकला, नाहीतर आम्हीच सगळे डबे चालू असलेला दिवस निवडला असता. आणि खालचा आकडा, म्हणजे छेद, नेहमी सोबत. नुसतं '१३' वाचून कळत नाही. '२४ पैकी १३' म्हटलं की आबांच्या नातवालाही कळतं.

तिसऱ्या स्लाइडवर आधी 'पाठवलेले मेसेज' होते. आता तीन आकडे असतात. जुलैमध्ये ४१ इशारे गेले. आम्ही प्रत्येक शेतकऱ्याला फोन करून विचारलं. ३० वेळा शेतकरी खरंच चाळीत गेला. त्यातल्या ९ वेळा त्याला ओलावा किंवा सडका माल दिसला. म्हणजे २१ फेऱ्या फुकट! हे लिहायला अवघड गेलं, पण लिहिलं म्हणूनच कारण सापडलं. राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संचालनालयाच्या शिफारशीप्रमाणे साठवणुकीत दमटपणा ६५ ते ७० टक्के असावा. आम्ही पुस्तकातला ७० घेऊन इशारा लावला होता. पण जुलैत पाऊस लागून राहिला की बाहेरचीच हवा ७०च्या वर असते! शेतकऱ्याने ताडपत्री उघडली तरी आत तीच दमट हवा येणार. म्हणजे इशारा त्याला असं काम सांगत होता, जे करून काही होणार नव्हतं. ग्रुपवरच्या एका माजी विद्यार्थ्याने सुचवलं, एक सेन्सर चाळीच्या बाहेर लावा आणि आतली हवा बाहेरच्यापेक्षा बराच वेळ जास्त दमट राहिली तरच इशारा द्या. आता तसं करतोय. 'लांडगा आला रे'ची गोष्ट आपण सगळ्यांनी वाचलीय. आमच्या गोष्टीत लांडगा खरंच येतो, म्हणून तर खोटी हाक परवडत नाही.

पाचवी स्लाइड पैशांची. ५ ऑगस्टला लिहिलं : शिल्लक ३८,४०० रुपये. महिन्याचा खर्च ११,६००. आठ शेतकरी २५० रुपये भाडं देतात, ते २,०००. बाकीच्यांकडे डबे चाचणीसाठी फुकट आहेत. म्हणजे दर महिन्याला खिशातून जातात ९,६००. भागाकार करा, ४ महिने. स्टार्टअपच्या भाषेत याला रनवे म्हणतात, म्हणजे पैसे संपायला किती वेळ उरला ते. मला वाटलं, चार महिने म्हणजे बरंच आहे. मामांनी स्लाइड वाचून फोन केला, "अगं, चार महिने म्हणजे नोव्हेंबर. तोपर्यंत चाळी रिकाम्या होतात. पुढचा कांदा भरणार एप्रिल-मेमध्ये. मध्ये डबे काय मोजणार, उंदीर?"

मामा धान्याचा व्यापार करतात, इंजिनिअरिंगशी संबंध नाही. पण चार महिन्यांचा खरा अर्थ त्यांनीच सांगितला. आमच्याकडे चार महिने नव्हते, याच हंगामाचा उरलेला भाग तेवढा होता. या हंगामात डबा नीट चालतो हे दिसलं नाही, तर पुढच्या एप्रिलपर्यंत दाखवायला काहीच नसणार. तेव्हापासून रनवेच्या खाली एक ओळ जास्त असते : 'चाळी रिकाम्या होईपर्यंत उरलेले आठवडे.'

आता सहावी स्लाइड. 'साथ द्या, ओळखी द्या' असं दोनदा लिहून आम्हाला काय मिळालं? शून्य. लोक वाईट होते म्हणून नाही. ते वाक्य तेवीस जणांनी वाचलं आणि तेवीस जणांना वाटलं की हे बाकीच्या बावीस जणांसाठी आहे. ऑगस्टमध्ये आम्ही तीनच गोष्टी मागितल्या :

'१) साक्री किंवा पिंपळनेर भागातले दोन शेतकरी. चाळीत १०० क्विंटलच्या वर कांदा असलेले आणि रोज चाळीत जाणारे. २० ऑगस्टपर्यंत. २) १०० किलोपर्यंत मोजणारा वजनकाटा, एका आठवड्यासाठी. दहा गोण्यांचं वजन घेऊन परत करू. ३) सर्किट बोर्डवर ओलावा-रोधक लेप देण्याचं काम प्रत्यक्ष केलेल्या माणसाशी वीस मिनिटं फोनवर बोलणं.'

वजनकाटा दोन तासांत आला. मामांच्या ओळखीच्या अडत्याचा. मामा म्हणाले, "तुम्हाला काटा पाहिजे हे आधी का नाही सांगितलं? माझ्या दुकानासमोर तीन पडलेत." तिसऱ्या मागणीला नाशिकला सातपूर एमआयडीसीत नोकरी करणाऱ्या एका माजी विद्यार्थ्याने उत्तर दिलं. त्यांनी फोनवर पहिलाच प्रश्न विचारला, "लेप सेन्सरवर तर देणार नाही ना?" आम्ही देणारच होतो! सेन्सरला हवा लागली नाही तर तो मोजणार काय? लेप बोर्डला द्यायचा, सेन्सरचं तोंड झाकून ठेवायचं आणि त्यावर पाणी अडवून हवा जाऊ देणारी जाळीची टोपी बसवायची. त्या वीस मिनिटांनी आमचे पुढचे वीस सेन्सर वाचवले.

पहिल्या मागणीत मात्र दोनऐवजी एकच शेतकरी मिळाला. हेही सप्टेंबरच्या सातव्या स्लाइडवर लिहिलं : 'काटा मिळाला, परत केला. लेपाबद्दल बोलणं झालं. शेतकरी २ मागितले, १ मिळाला, अजून १ हवा.' ही सातवी स्लाइड नसती तर आमच्याकडून कोण काय शिकलं, कोणाची वस्तू परत गेली, हे कोणालाच कळलं नसतं. मदत करणाऱ्याला आपल्या मदतीचं काय झालं ते कळलं पाहिजे, नाहीतर तो पुढच्या वेळी काटा का देईल?

दोन व्यवहाराच्या गोष्टी सांगते. हा कॅरोसेल आमच्यासाठी आम्ही दोन प्रकारे बनवतो. इन्स्टाग्रामवर जातो त्यात पैशांची स्लाइड नसते आणि कोणत्याही शेतकऱ्याचं गाव ओळखू येईल असं काही नसतं. आणि पैसे तर तिथे मुळीच मागत नाही. उद्या आमची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी झाली तर जाहिरात करून लोकांना शेअर घ्या म्हणता येणार नाही, २०१३च्या कंपनी कायद्याच्या ४२ व्या कलमात तसं स्पष्ट आहे. आमच्या टीपीओ सरांनी हे सांगितलं नसतं तर सहाव्या स्लाइडवर मी 'आजच गुंतवणूक करा' लिहून मोकळी झाले असते! दुसरी गोष्ट, व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेल्या स्लाइडची अक्षरं दाबली जाऊन पुसट होतात. डॉक्युमेंट म्हणून पीडीएफ पाठवा. आबांच्या चष्म्याला तीच वाचता येते. आणि एका स्लाइडवर पंचवीस-तीस शब्दांच्या वर नको. दुरुस्तीची ती एक स्लाइड सोडून आम्ही हा नियम पाळलाय.

५ सप्टेंबरला दुसऱ्या स्लाइडवर आकडा होता : २५ पैकी १९. चौथ्या स्लाइडवर उरलेल्या सहांचा हिशोब होता. त्यातले चार पुन्हा चार्जर काढल्यामुळे बंद. सेन्सर सुधारला, इशारा सुधारला, पण त्या एका प्लगवर मोबाइल आणि डबा यांची लढाई चालूच आहे. मेकॅनिकलवाला आता त्यासाठी बॅटरीचा डबा बनवतोय. जमेल की नाही माहीत नाही. ऑक्टोबरच्या चौथ्या स्लाइडवर कळेल.

कॅरोसेल पाठवून अर्ध्या तासात फोन वाजला. आबा.

"एकोणीस," आबा म्हणाले. नातवाने वाचून दाखवलं असणार. "मना डबा त्या एकोणीसमा शे का?"

मी आधी सर्व्हर उघडला. आबांच्या डब्याचं शेवटचं रीडिंग अकरा मिनिटांपूर्वीचं होतं. आलेख पाहिला. दुपारी खाली आलेला, आता संध्याकाळी हळूहळू वर चढत होता.

"हो आबा, आहे," मी म्हटलं. "पण तुम्ही आज चाळीत जाऊन आलात ना?"

आबा हसले. ते आता पुन्हा रोज जातात. आमच्या डब्यावर त्यांचा पूर्वीसारखा आंधळा विश्वास राहिलेला नाही, आणि खरं सांगू? मला ते बरं वाटतं.